युनिट बंद केलं, हे रिक्रूटरला कसं लिहावं

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली चिठ्ठी वाचली. अर्जाच्या ईमेलमध्ये चार ओळी टाकायच्या म्हणून लिहायला बसलास आणि चांगलं दीड पान भरवलंस. त्यातला अर्ध्याहून जास्त मजकूर तुझं मशीनिंगचं युनिट का बंद पडलं यावर गेलाय. लॉकडाऊन, विजेची बिलं, मशीनचा हप्ता, अडकलेलं पेमेंट आणि शेवटी त्या ग्राहकाच्या परचेस मॅनेजरचं वागणं. हे सगळं खरं असणार, मला शंका नाही. पण अर्ज आहे वेंडर डेव्हलपमेंट इंजिनिअरच्या जागेसाठी आणि त्या कामाबद्दल तुझ्या चिठ्ठीत दीड ओळ आहे, तीही तळाला.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत माणसं घेण्याचं काम करण्यातच माझी नोकरी गेली, म्हणून टेबलाच्या पलीकडे काय चालतं ते आधी सांगते. तुझा अर्ज पहिल्यांदा उघडते ती एचआरमधली मुलगी किंवा मुलगा, बहुतेक तुझ्याच वयाचा. त्याच्यासमोर त्या जागेचे शंभरेक अर्ज असतात आणि त्यातले सात-आठ त्याला वेंडर डेव्हलपमेंटच्या प्रमुखाकडे पाठवायचे असतात. व्हीएमसी म्हणजे धातू कापणारं, संगणकावर चालणारं मशीन, हे त्याला ऐकून माहीत असतं, पण त्यावर बोअर म्हणजे पार्टमधलं अचूक मापाचं भोक कसं करतात हे माहीत नसतं. तो तुझी पारख करत नसतो. ‘हा अर्ज वर पाठवला तर साहेब मला काही विचारतील का’ एवढंच तो बघत असतो. साहेब काय विचारतील हे ठरलेलं आहे. हा मधली साडेचार वर्षं काय करत होता? ते खरंच बंद झालंय का, की इथे पगार घेऊन संध्याकाळी आपलं मशीन चालवणार? आणि सहा महिन्यांनी ऑर्डर मिळाली की पुन्हा जाणार नाही ना? चिठ्ठीने या प्रश्नांना उत्तर द्यायचं. धंदा का चालला नाही, हा प्रश्न त्या यादीत जवळजवळ नसतोच. छोटी युनिटं बंद पडतात हे भोसरीच्या आसपास नोकरी करणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

म्हणून पहिली कात्री कारणांवर. लॉकडाऊन तर काढच. तू युनिट सुरू केलंस नोव्हेंबर २०१९ मध्ये, लॉकडाऊन लागला मार्च २०२० मध्ये आणि कुलूप लावलंस मार्च २०२४ मध्ये. म्हणजे लॉकडाऊननंतर तू चार वर्षं युनिट चालवलंस. वाचणारा तारखा बघतो, बोटांवर मोजतो आणि त्याला वाटतं की हा कारण सांगतोय, खरं काहीतरी वेगळं असेल. उलट लॉकडाऊनचं नावही न घेता नुसत्या तारखा लिहिल्यास, तर तोच माणूस मनात म्हणेल की नवं युनिट होतं, तरी त्या वर्षातून निघालं. जे तुझ्या बाजूने बोलत होतं ते तू विरुद्ध पक्षाला देऊन टाकलंयस.

परचेस मॅनेजरचा परिच्छेदही जाऊ दे. दोन कारणं आहेत. एक म्हणजे चाकण-भोसरीचं जग लहान आहे. आज त्या कंपनीत परचेसला असलेला माणूस उद्या तू अर्ज करतोयस तिथे असू शकतो, किंवा तिथल्या कुणाचा तरी जुना सहकारी असतो. दुसरं कारण मोठं आहे. तू ज्या खात्यात जायचं म्हणतोस ते खातं म्हणजे ग्राहकाची बाजू. उद्या तूच छोट्या वेंडरला भाव कमी करायला सांगणार आहेस, त्याचं पेमेंट अडकलं की त्याचे फोन तुला येणार आहेत. त्या टेबलावर बसायला येणारा माणूस त्या टेबलाबद्दलच कडवट लिहित असेल तर प्रमुखाला ते खटकणारच. छोट्या युनिटचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यायचा कायदा आणि तुझी थकबाकी यावर आपण चहा पिताना बोलू, हवं तेवढं बोलू. चिठ्ठीत नको.

मग बंद होण्याबद्दल लिहायचं तरी काय? दोन वाक्यं. पहिल्यात कारण, दुसऱ्यात आजची स्थिती. कारण असं हवं की ज्यात कुणाचा दोष नाही आणि जे खरं आहे. तुझ्या बाबतीत ते आहेच: ज्या ग्राहकाकडून बहुतेक काम यायचं त्याने त्या पार्टचं मशीनिंग स्वतःच्या कारखान्यात सुरू केलं. एका मशीनच्या युनिटसाठी हे पुरेसं कारण आहे आणि ऑटो लाइनमधला माणूस ते वाचून मान डोलावतो. त्यापुढे ‘दुर्दैवाने’, ‘नाइलाजाने’, ‘खूप प्रयत्न करूनही’ असले शब्द लावू नकोस. ‘बंद पडलं’ असंही लिहू नकोस, ‘बंद केलं’ लिही. हिशोब जुळेना म्हणून शेवटचा निर्णय तूच घेतलास, मशीन तू विकलंस. बँकेने ओढून नेलं नाही.

आजची स्थिती हे दुसरं वाक्य लोक विसरतात आणि मला विचारशील तर तेच जास्त महत्त्वाचं. मशीन विकलं, कर्ज फेडलं, जीएसटी नोंदणी रद्द झाली, कोणतीही ऑर्डर हातात नाही. एवढं लिहिलं की ‘संध्याकाळी आपलं मशीन चालवणार का’ हा प्रश्न तिथेच मिटतो. मात्र यातला प्रत्येक शब्द कागदावर टिकला पाहिजे. इथे थोडं थांबून सांगते, कारण चांगली माणसं इथेच अडकताना मी बघितली आहेत.

तुझं युनिट प्रोप्रायटरशिप होतं. म्हणजे जीएसटी क्रमांकाच्या पोटात तुझाच पॅन बसलेला आहे, पहिल्या दोन आकड्यांनंतरची दहा अक्षरं म्हणजे तुझा पॅन. जीएसटीच्या सरकारी साइटवर Search Taxpayer मध्ये पॅन टाकला की त्या पॅनवरच्या नोंदण्या दिसतात. त्याला लॉगिनही लागत नाही. ऑफर देण्याआधी बॅकग्राउंड तपासणारी एजन्सी तुझा पॅन घेतेच, आणि ती हे बघू शकते. तिथे नोंदणीची तारीख दिसते, धंद्याचं नाव दिसतं आणि स्थिती दिसते: चालू आहे की रद्द, रद्द असेल तर कोणत्या तारखेपासून. तू चिठ्ठीत मार्च २०२४ लिहिलंस आणि तिथे Active दिसलं तर बाकी सगळं खरं असूनही तू खोटा ठरतोस. आणखी एक बारकावा. रिटर्न भरणं थांबवलं म्हणून खात्याने स्वतःहून नोंदणी रद्द केली असेल तर तिथे Cancelled suo-moto असं येतं. तू स्वतः अर्ज करून रद्द केली असशील तर तसा उल्लेख असतो. पहिला प्रकार असेल तर ‘मी रद्द केली’ असं लिहू नकोस, ‘रद्द झाली आहे’ लिही, तेही खरंच आहे. आज रात्री बसून तुझं पान एकदा उघडून बघ. आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं रिटर्न भरायचं असतं, ते राहिलं असेल तर सीएला विचार. ते राहिलं म्हणून नोकरी जात नाही, पण नोटीस नव्या नोकरीच्या पहिल्या महिन्यातच यायची असते, असा माझा अनुभव आहे.

कर्जाचंही तसंच. तुझ्यावर मशीनचं कर्ज उरलेलं नाही म्हणून आपण ‘फेडलं’ लिहितोय. तुझ्याच गल्लीतल्या दुसऱ्या कुणाचे हप्ते अजून चालू असतील तर त्याने ते वाक्य गाळावं, बस. मशीन विकलं आणि नोंदणी रद्द झाली एवढंही पुरतं. वैयक्तिक कर्जाचा हिशोब रिक्रूटरला द्यायची गरज नसते. भागीदारी असती तर मात्र विसर्जनाचा करारनामा झाला का, हे आधी बघावं लागलं असतं. भागीदार अजून तेच नाव चालवत असेल तर ‘बंद केलं’ हे खोटं होतं, तिथे ‘मी बाहेर पडलो’ असं आणि कोणत्या तारखेला ते लिहावं लागतं.

आता मुख्य गोष्ट, मधला मजकूर. इथे तू जागा दिलीच नाहीस आणि तुझ्याकडे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच आहे.

तुझ्या सीव्हीवर ‘फाउंडर अँड सीईओ’ असं लिहिलंयस. एक मशीन, दोन ऑपरेटर आणि भाड्याचा गाळा. अरे, त्या शब्दांनी तू मोठा दिसत नाहीस, उलट एचआरच्या पोराला वाटतं की हा सीईओ इंजिनिअरच्या खुर्चीत कशाला बसेल. ‘प्रोप्रायटर, सीएनसी मशीनिंग जॉबवर्क युनिट, भोसरी’ असं साधं लिही. मग खाली तुझी कामं लिही, पण ती त्या जागेच्या जाहिरातीच्या शब्दांत बसतील अशी निवडून. वेंडर डेव्हलपमेंटवाला दिवसभर काय करतो? नवा वेंडर शोधतो, त्याचं कोटेशन फोडून बघतो, तो पार्ट त्याच्या मशीनवर निघेल का ते तपासतो, पहिला नमुना मंजूर करून घेतो आणि मग माल वेळेवर येतोय का यासाठी त्याच्या मागे लागतो. तू यातलं प्रत्येक काम पलीकडच्या बाजूने केलंयस. कोटेशन तू बनवलंस, प्रोसेस शीट तू लिहिलीस, पहिल्या नमुन्याचा रिपोर्ट घेऊन ग्राहकाच्या क्वालिटीत तू उभा राहिलास. बँकेची कामं, जीएसटी, ऑपरेटरच्या रजा, भाडं, हे सगळंही तूच केलंस, पण ते इथे नको. दुकान चालवताना माणूस झाडूही मारतो. म्हणून तो सीव्हीत येत नाही.

आणि एक गोष्ट तरी जवळून दाखव. तू मला फोनवर त्या ॲल्युमिनियम हाउसिंगचं सांगितलं होतंस, ते चिठ्ठीत शोधलं तर कुठेच नाही. मला जेवढं कळलं ते असं: पार्टला समोरासमोर दोन बोअर होते. आधी एक बोअर करून पार्ट उलटा करायचा, पुन्हा पकडायचा, मग दुसरा. उलटताना जरा इकडेतिकडे झालं की दोन्ही बोअर एका रेषेत येत नसत आणि पार्ट रिजेक्ट व्हायचा. तू पार्ट पकडायचं नवीन फिक्स्चर बनवून घेतलंस आणि लांब बोरिंग बारने दोन्ही बोअर एकाच बाजूने, एकाच पकडीत काढायला लागलास. सायकल टाइम, म्हणजे एका पार्टला लागणारा वेळ, अकरा मिनिटांवरून आठवर आला.

आता याचा हिशोब बघ, कारण मुलाखतीत हाच निघणार. दोन शिफ्ट मिळून मशीन वीस तास चाललं तर अकरा मिनिटांनी दिवसाला साधारण १०९ पार्ट निघतात, आठ मिनिटांनी १५०. तू मशीनचा तासाचा दर ४०० रुपये धरत होतास. म्हणजे एका पार्टचा मशीनिंगचा खर्च सुमारे ७३ रुपये होता तो ५३ वर आला. वीस रुपये वाचले. मग ग्राहकाने भाव कमी मागितला आणि त्या वीस रुपयांची वाटणी कशी झाली, हे तू जेव्हा सांगत होतास तेव्हा मी मनात म्हटलं की या मुलाची मुलाखत इथेच झाली. वेंडर डेव्हलपमेंटच्या प्रमुखाला असाच माणूस हवा असतो, ज्याला वेंडरचे वीस रुपये कुठून येतात हे माहीत आहे आणि त्यातले किती मागणं रास्त आहे हेही.

चिठ्ठीत मात्र यातलं एकच वाक्य टाकायचं: काय बदललं आणि किती फरक पडला. पैशांचा भाग मुलाखतीसाठी ठेव. ज्या ग्राहकाचा तो पार्ट होता त्याचा भाव कागदावर लिहून फिरवणं बरंही दिसत नाही. एचआरच्या मुलाला ते वाक्य पूर्ण कळलं नाही तरी चालेल, त्यात आकडे आहेत आणि जाहिरातीतले दोन शब्द आहेत, म्हणून तो ते वर पाठवेल. प्रमुख मात्र तिथे थांबेल. तो विचारेल, लांब बार थरथरला असेल, मग काय केलंस? त्याचं उत्तर तुझ्याकडे आहे ना? आकडा लिहिण्याआधी ही परीक्षा लाव. ज्या आकड्यावर दहा मिनिटं बोलता येत नाही तो आकडा कागदावर घालू नये. रिजेक्शन ‘नव्वद टक्क्यांनी कमी केलं’ असं तू सीव्हीत लिहिलंयस, त्याच्या नोंदी तुझ्याकडे नाहीत हे तूच मला सांगितलंस. ते काढ.

पुन्हा जाणार का, या प्रश्नावर मुलं फार चुकतात. ‘यापुढे कधीही व्यवसाय करणार नाही’ असं वचन देतात. त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ते वाचून माणूस खचलेला वाटतो. काही जण ‘स्थैर्यासाठी नोकरी हवी आहे’ लिहितात. तेही खरं असतं, पण कंपनीला त्यात आपलं काही दिसत नाही. उत्तर कामातून यायला हवं. एका मशीनवर तुला एकच पार्ट सुधारता आला, या खुर्चीत बसून वीस वेंडरचे पार्ट सुधारता येतील. हे तू स्वतःच मला बोलला होतास, जवळपास याच शब्दांत. तेच लिही. ते ऐकून समोरच्याला कळतं की हा पराभूत होऊन येत नाही, याला इथलंच काम हवंय.

मार्चनंतरचे महिनेही दिसतात, ते लपवू नकोस. एप्रिल ते जून मशीनचं गिऱ्हाईक शोधण्यात, गाळा रिकामा करण्यात आणि हिशोब मिटवण्यात गेले. चिठ्ठीत ‘जूनपर्यंत देणी-घेणी पूर्ण केली’ एवढं पुरे. आणि एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे जी तू लिहिलीच नाहीस: तुला नोटीस पीरियड नाही. नोकरीत असलेला माणूस दोन-तीन महिने लावतो, तू सोमवारी येऊ शकतोस. ज्याला ती जागा तातडीने भरायची आहे त्याच्यासाठी ही ओळ फार कामाची आहे.

आता चिठ्ठी. पाठवशील तेव्हा इंग्रजीत पाठवशील, ते ठीकच. पण आधी मराठीत लिहून काढ. इंग्रजीत बसलास की ‘आंत्रप्रेन्युरिअल जर्नी’ वगैरे सुरू होतं, मागच्या वेळी झालंच ते. मी मांडून बघितली ती अशी:

‘महोदया, वेंडर डेव्हलपमेंट इंजिनिअर या जागेसाठी अर्ज सोबत जोडत आहे. २०१६ ते २०१९ या काळात मी चाकणला ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर होतो. त्यानंतर नोव्हेंबर २०१९ पासून मार्च २०२४ पर्यंत भोसरीत एका व्हीएमसीवर स्वतःचं मशीनिंग जॉबवर्क युनिट चालवलं. कोटेशन, प्रोसेस शीट, पहिल्या नमुन्याची मंजुरी आणि रोजची डिलिव्हरी ही कामं मी स्वतः करत असे. एका ॲल्युमिनियम हाउसिंगचे दोन सेटअप नव्या फिक्स्चरने एकात आणून सायकल टाइम ११ मिनिटांवरून ८ मिनिटांवर आणला.

मुख्य ग्राहकाने ते मशीनिंग स्वतःच्या कारखान्यात सुरू केल्यावर मी युनिट बंद केलं. मशीन विकून कर्ज फेडलं आहे, जीएसटी नोंदणी रद्द झाली आहे आणि जूनपर्यंत सर्व देणी-घेणी पूर्ण केली आहेत. आजवर एका मशीनवर जे केलं ते अनेक पुरवठादारांसोबत करता यावं म्हणून ही जागा हवी आहे. लगेच रुजू होऊ शकतो. आयकर विवरणपत्रं आणि ग्राहकाचा संदर्भ मागितल्यास देईन.’

दीडशे शब्दांच्या आतच आहे. मोबाइलवर फारसं न सरकवता वाचून होतं, आणि बहुतेक जण मोबाइलवरच वाचतात. बंद करण्याबद्दल दोनच वाक्यं आहेत आणि ती मधोमध आहेत हे बघ. सुरुवातीला ठेवली असती तर सगळी चिठ्ठी त्याबद्दलचीच वाटली असती, शेवटी ठेवली असती तर तीच गोष्ट मनात राहिली असती.

त्यात ‘मागितल्यास देईन’ म्हटलंय ते हवेत नको. नोकरीत असताना पगाराची स्लिप, फॉर्म १६ आणि पीएफचं पासबुक आपोआप तयार होतं. स्वतःच्या धंद्यात यातलं काही नसतं, म्हणून २०१९ ते २०२४ तुझ्या पीएफच्या नोंदीत नुसतं रिकामं दिसेल आणि तपासणारा तिथे बोट ठेवेल. ते भरून काढायला तुझ्याकडे एक फार चांगला कागद आहे, त्याची आठवण कुणालाच होत नाही: फॉर्म २६एएस. जॉबवर्कच्या बिलातून ग्राहक कलम १९४सी खाली एक टक्का टीडीएस कापायचा. तो दर तिमाहीला तिथे ग्राहकाच्या नावासकट पडलेला आहे. कुणी तुला काम दिलं, किती रकमेचं आणि कधीपासून कधीपर्यंत, हे तुझ्या नाही तर कापणाऱ्याच्या हाताने लिहिलेलं. आयकरच्या साइटवरून सगळ्या वर्षांचे उतरवून ठेव, सोबत आयटीआर, जीएसटी नोंदणीचं प्रमाणपत्र आणि रद्द झाल्याचा आदेश. सगळं एका फोल्डरमध्ये. चिठ्ठीला यातलं काहीही जोडायचं नाही. मागितलं की त्याच संध्याकाळी पाठवायचं.

संदर्भासाठी तू सीएचं नाव दिलंयस. सीए हिशोब सांगेल, काम कसं होतं ते सांगू शकणार नाही. ग्राहकाच्या क्वालिटीत तो जो इंजिनिअर तुझे नमुने मंजूर करायचा, त्याला विचार. आधी फोन कर, परवानगी घे आणि काय विचारलं जाईल तेही सांगून ठेव: किती वर्षं माल दिला, वेळेवर होता का, तक्रार आली तर माणूस हजर व्हायचा का. परचेस मॅनेजरशी बिनसलं म्हणून सगळी कंपनी वर्ज्य करू नकोस.

एक राहिलं. नोकरीच्या साइटवर ‘सध्याचा सीटीसी’ असा रकाना असतो आणि तू तिथे बावीस लाख टाकलेत. ती उलाढाल आहे रे. त्यातून ऑपरेटर, भाडं, वीज, टूल, हप्ता गेला की तुझ्या हातात काय यायचं ते तुझ्या आयटीआरमध्ये आहे. बावीस लाखांचा आकडा दिसला की चाळणीतच तू बाहेर पडतोस, या जागेचं बजेट तेवढं नसतंच. आणि चुकून आत गेलास तर आयटीआर मागितल्यावर फजिती. शेवटच्या पूर्ण वर्षाचं आयटीआरमधलं उत्पन्न लिही, आणि शेरा टाकायला जागा असेल तर ‘स्वयंरोजगार, आयटीआरप्रमाणे’ असं लिही. चिठ्ठीत पगाराचा विषय काढूच नकोस. अपेक्षा विचारली तर २०१९ च्या पगारापासून मोजू नकोस, त्या जागेचा आजचा दर काय आहे तो विचारून घे आणि तिथून बोल.

लिंक्डइनवर तुझं युनिट अजून Present दाखवतंय, तेही मार्च २०२४ कर. चिठ्ठी, सीव्ही, लिंक्डइन आणि जीएसटीचं पान, चारही ठिकाणी महिने तेच हवेत. सीव्हीत तू ऑक्टोबर २०१९ लिहिलंयस आणि मला नोव्हेंबर म्हणालास. नोंदणीच्या कागदावर काय आहे ते बघ आणि तेच सगळीकडे ठेव.

दुरुस्त केलेली चिठ्ठी इंग्रजीत करून शनिवारपर्यंत पाठव. जाहिरातीची लिंकही पाठव, त्यात पीपीएपी किंवा वेंडर ऑडिट असे शब्द असतील तर मधलं वाक्य त्याप्रमाणे फिरवू. आईला नमस्कार सांग.

तुझी,
काकू